नाव नसलेली उचल

भिवाचं चहापत्तीचं दुकान दोन महिने बंद होतं, तरी फळी सरकवली की आतून अजून चहाचा वास अंगावर यायचा. जगदीश आत गेला आणि क्षणभर दारातच थांबला. काट्याचं पारडं एका बाजूला कललेलं होतं. विक्रीला बसण्याआधी भिवा त्या पारड्यावर बोटानं टिचकी मारायचा, मागची भुकटी झडावी म्हणून. तो 'टण्' आवाज आपल्याला आत्ता ऐकू आला, असं जगदीशला वाटलं. खरं तर आला होता तो फक्त बाहेरून ट्रामच्या घंटेचा.

"बसा भावजी," भिवाची बायको सुंदराबाई म्हणाली. तिनं वेताचा मोडा पुढे सरकवला. "एवढंच आहे बघा सगळं."

एवढंच म्हणजे एक खोकं. त्यात रोजच्या गल्ल्याची चोपडी, उधारीची लांबट वही, तारेत ओवलेली घाऊक व्यापाऱ्याची बिलं, भाड्याच्या पावत्या आणि वर्षाच्या सुरुवातीला नि शेवटाला भिवानं मालाची मोजदाद करून लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या.

भिवा लालबागचा, जगदीश परळच्या पोयबावडीचा, आणि दोघांची ओळख रात्रीच्या शाळेपासूनची. भिवानं पुढे शाळा सोडली आणि चहा विकायला लागला. जगदीश चिकाटीनं शिकत राहिला, कॉमर्सची परीक्षा दिली आणि फोर्टातल्या एका ऑडिटरच्या ऑफिसात कारकून झाला. यंदा जानेवारीत, मुंबईसाठी रस्त्यावर माणसं उतरली होती आणि गोळीबार चालला होता, त्या आठवड्यात भिवाला गोळी लागली. तो मोर्च्यात नव्हता. जगदीशच्या चाळीच्या गल्लीच्या तोंडाशी पडला.

आता सुंदराबाईला दुकान चालवायचं होतं. तिला चारशे रुपयांची गरज होती. घाऊक व्यापाऱ्याचं जुनं देणं थोडं भागवल्याशिवाय तो नवी पेटी देत नव्हता. गल्लीतल्या पतपेढीचे चिटणीस बाबुराव म्हणाले होते, "बाई, कर्ज द्यायला आमची ना नाही. पण गेल्या पुऱ्या वर्षाचं नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद आणा, कुणा जाणत्याच्या सहीनं." जाणता म्हणून तिच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला.

जगदीश तीन रविवार दुपारी त्या दुकानात बसला. पहिल्या रविवारी त्यानं नुसती बेरीज केली. भिवाचं अक्षर बुटकं, टपोरं, तीनचा आकडा तर एखादं गाठोडं बांधावं तसा. पानामागून पान उलटताना वाटायचं की भिवा पाठीमागे उभा आहे आणि वाकून बघतोय, आपला दोस्त बेरीज बरोबर करतो की नाही.

"भावजी, एवढी विक्री झाली, मग नफा म्हणजे तेच ना?" सुंदराबाईनं विचारलं.

"नाही वहिनी. रोख गल्ला अठ्ठेचाळीसशे, पण उधारीवर विकलेलं त्यात नाही. उधारीची विक्री शोधून काढावी लागते." त्यानं वहीच्या कडेला लिहून दाखवलं. "वर्षभरात उधारीपैकी अकराशे वीस वसूल झाले. वर्षाअखेर लोकांकडे दोनशे नव्वद येणं राहिलं. ते मिळवायचे. सुरुवातीला दोनशे दहा येणं होतंच, ते त्याआधीच्या वर्षाचं. ते वजा करायचे. उरले बाराशे. म्हणजे त्या वर्षाची उधार विक्री बाराशे, आणि एकूण विक्री सहा हजार."

खरेदीही तशीच काढावी लागली. व्यापाऱ्याला वर्षात दिलेली रक्कम, वर त्याचं राहिलेलं चारशे चाळीस देणं, वजा सुरुवातीचं देणं, म्हणजे माल आला सेहेचाळीसशेचा. वर्षअखेरच्या मालाची चिठ्ठी हातात घेतल्यावर सुंदराबाई म्हणाली, "हा माल हजाराला जाईल की, जवळजवळ."

"जाईल तेव्हा जाईल. विकला गेला नाही तोवर तो आपल्याला पडलेल्या भावानंच मांडायचा. सातशे चाळीस. नाहीतर न झालेला नफा झाला म्हणून दाखवल्यासारखं होतं."

सुंदराबाईनं मान डोलावली. ती फार शिकलेली नव्हती, पण भिवानं तिला आकडे शिकवले होते. त्याच्या माघारी तीच काटा धरायची. एकदा सांगितलेलं ती विसरत नसे.

दुसऱ्या रविवारी भाडं, दिवाबत्ती, हमाली, कागदी पुड्या, परवाना, असं एकेक खर्चाचं कलम बसलं. डिसेंबरचं भाडं द्यायचं राहिलं होतं. "दिलं नाही म्हणून सोडून द्यायचं नाही," जगदीश म्हणाला, "वापरलं ना ते? मग वीस रुपये खर्चातही येणार आणि देण्यातही." काटा, डबे, मांडणी यांची किंमत वर्षात वीस रुपयांनी झिजली, असं त्यानं धरलं. सगळे खर्च वजा जाता निव्वळ नफा उरला एक हजार वीस रुपये.

सुंदराबाईनं बोटांच्या पेरांवर तो आकडा बारा महिन्यांत वाटून पाहिला. "महिना पंच्याऐंशी," ती हळूच म्हणाली. "मला कधी सांगितलंच नाही त्यांनी. मी समजत होते, कसंबसं चाललंय."

त्या दुपारी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. "भावजी, ते स्वप्नात येतात. बोलत नाहीत. दाराशी उभे राहतात, तोंड उघडतात आणि परत मिटतात. काहीतरी सांगायचं राहिलंय त्यांचं."

जगदीश पावत्या जुळवत राहिला. त्यानं मान वर केली नाही.

कारण खोक्यातलं ते पान त्यानं पहिल्याच रविवारी पाहिलं होतं. सप्टेंबर महिना, अठरा तारीख. रोजच्या जमाखर्चाच्या खाली एक ओळ, 'दिले ३००'. पुढे नाव नाही. नावाच्या जागी नुसती फुली.

ती फुली म्हणजे जगदीश होता.

सप्टेंबरात शैलाचं, त्याच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. एका अशिलानं ऑफिसची फी म्हणून रोख दिलेले तीनशे रुपये त्याच्या पिशवीत होते. ते इस्पितळात गेले. सोमवारी साहेब पावतीपुस्तक तपासणार होता. रविवारी संध्याकाळी जगदीश या मोड्यावर बसून रडला होता, आणि भिवानं काहीही न विचारता गल्ल्यातून नोटा मोजून दिल्या होत्या. 'नाव लिहू नकोस रे,' जगदीश म्हणाला होता. 'कुणी वाचलं तर पाय ठेवायला जागा उरणार नाही.' भिवानं पेन उचललं, थांबला, आणि फुली मारली.

जानेवारीत व्यापाऱ्यानं माल बंद केला. दुकानं बंद, गल्ला बंद. गोळीबाराच्या त्या दिवशी दुपारी जगदीशच्या खोलीच्या दारावर थाप पडली. "जगदीश, आहेस का रे?" जगदीश आत होता. त्यानं शैलाकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं. पैसे महिनाअखेरीला देऊ, आत्ता दारात उभं राहून त्याला काय सांगायचं, असा विचार. दुसरी थाप पडली. मग पायऱ्या उतरण्याचा आवाज. मग थोड्या वेळानं गोळ्यांचा आवाज आला, तो रस्त्यावरून.

अंत्ययात्रेच्या वेळी सुंदराबाईनं त्याला विचारलं होतं, "ते तुमच्याकडेच येत होते काय हो?" आणि तो म्हणाला होता, "मी घरी नव्हतो वहिनी. माझ्याकडे कोणी आलं नाही."

तिसऱ्या रविवारी ताळेबंद मांडायचा होता. रोख शिल्लक आधी पडताळायला हवी होती. सुरुवातीचे पंच्याण्णव, वर जमा झालेलं सगळं, त्यातून व्यापाऱ्याला दिलेलं आणि खर्च वजा. उरायला हवे होते एक हजार सत्तर. वर्षअखेर गल्ल्यात होते पन्नास. मधले एक हजार वीस गेले कुठे? घरखर्चाला महिना साठप्रमाणे सातशे वीस, हे वहीत स्पष्ट होतं. उरले तीनशे. फुलीचे.

जगदीशनं पेन शाईत बुडवलं. मालकानं स्वतःसाठी काढलेला पैसा म्हणजे उचल. ज्याचं नाव नाही, कारण नाही, पावती नाही, तो खर्च कुठलाही कारकून उचलीतच टाकतो. त्यात काही बेकायदा नाही. त्यानं लिहिलं, 'उचल १०२०'. मग भांडवल. सुरुवातीचं आठशे, वर नफा एक हजार वीस, वजा उचल एक हजार वीस. उरलं आठशे. एका बाजूला भांडवल आठशे, व्यापारी चारशे चाळीस, भाडं वीस. दुसऱ्या बाजूला माल, येणी, रोख, काटा-डबे. दोन्हीकडे बाराशे साठ. पैशापैशानं जुळलं.

ऑफिसात ताळेबंद जुळला की जगदीशच्या मानेवरचा भार उतरायचा. आज तसं झालं नाही. दोन सारख्या बेरजा त्याच्याकडे दोन डोळ्यांसारख्या बघत राहिल्या. खोटं इतकं नीट जुळतं, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. त्यानं सही केली, कागद घडी करून सुंदराबाईच्या हातात दिला आणि चप्पल घालताना पारड्याकडे बघायचं टाळलं.

त्या आठवड्यात त्याला धड झोप लागली नाही. दिवसाढवळ्या, ऑफिसात दुसऱ्याच कुणाच्या खात्यात, तीनचा आकडा दिसला की तो भिवाच्या हातचा वाटायचा. कुणी टेबलावर बोट वाजवलं की तो दचकायचा. शैला एकदाच म्हणाली, "त्या दिवशी मी दार उघडलं असतं तर." तो तिच्यावर ओरडला, आणि मग दोघंही दिवसभर बोलली नाहीत.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असायचं. तो घरी आला तर सुंदराबाई त्याच्या दारात उभी. कागद हातात. शैला पाण्याला गेली होती.

"बाबुरावांनी वाचला," ती म्हणाली. आत येऊन ती भिंतीला टेकून बसली. "म्हणाले, धंदा चांगला आहे, नफा चांगला आहे. पण भांडवल जानेवारीत आठशे आणि डिसेंबरात पण आठशेच. मालकानं कमावलं तेवढं सगळं काढून घेतलं. मग वही मागून घेतली आणि म्हणाले, घरखर्चाला सातशे वीस ठीक, पण एका दिवसात तीनशे उचलले ते कशापायी? कर्जाचा विचार करावा लागेल म्हणाले."

जगदीशनं पिशवी खुंटीला अडकवली.

"मी वही पाहिली भावजी. नाव नाही तिथं. फुली आहे." तिचा आवाज खाली गेला. "माझा माणूस दारूला शिवला नाही. मग तीनशे रुपये बाईमाणसाशिवाय कोणाला देतो माणूस, नाव न लिहिता? आणि तो मेला कुठं? या गल्लीत. जिथं त्याचं काही काम नव्हतं. रोज रात्री मी हिशेब करतेय. या चाळीत कोण राहत असेल ती. येता-येता एकेका दाराकडं बघत आले मी. आता स्वप्नात आले की मी त्यांच्याकडं पाठ फिरवते."

जगदीशनं तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्याचीच सही होती त्यावर. मेलेल्या माणसाला त्यानं दुसऱ्यांदा दारातून परत पाठवलं होतं, आणि या वेळी बदनाम करून.

"वहिनी," तो म्हणाला, "ताळेबंद चुकलाय."

"जुळला होता ना?"

"जुळला, तरी चुकलाय." त्यानं फळीवरून कोरा कागद काढला. ती समोर बसलेली असताना त्यानं तो पुन्हा मांडला. उचल फक्त सातशे वीस. भांडवल आठशे अधिक एक हजार वीस वजा सातशे वीस, अकराशे. देणी तीच. उजव्या बाजूला माल, लोकांची उधारी, रोख, काटा-डबे. आणि एक नवी ओळ. ती लिहिताना त्याचा हात थांबला, मग त्यानं सबंध नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पुढे ३००. दोन्ही बाजूंना पंधराशे साठ.

सुंदराबाईनं ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"तुम्ही?"

"मी. सप्टेंबरात. शैलाचं ऑपरेशन होतं, आणि मी ऑफिसचे पैसे खर्चले होते. नाव लिहू नको म्हणून मीच त्याचे हात धरले. म्हणून फुली." तो थांबला. पेन खाली ठेवलं. "आणि त्या दिवशी तो माझ्याकडेच आला होता. मी घरात होतो. दार उघडलं नाही."

बाहेर कुणीतरी बालदी आपटली. सुंदराबाईनं ओळीवरचं बोट उचललं.

"काय म्हणाले ते?"

"जगदीश, आहेस का रे. एवढंच."

"आवाज चढवला होता?"

"नाही."

"दुसऱ्यांदा हाक मारली?"

"थाप मारली. मग गेला."

सुंदराबाईच्या चेहऱ्यावर राग येईल, रडू येईल, याची जगदीश वाट बघत होता. दोन्हीतलं काही आलं नाही. तिनं डोळे मिटले आणि पदरानं तोंड दाबलं, आणि तिच्या छातीतून एक लांब श्वास निघाला, खूप दिवस कोंडलेला.

"म्हणजे बाई नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"चांगल्या माणसावर मी संशय घेतला. आठवडाभर." ती उठली. "तुम्ही मला तो घ्यायला लावला."

तिनं दोन्ही कागद उचलले. जुना तिथंच चार तुकडे करून खाली टाकला. "यावर सही करा," तिनं नवा पुढे केला. त्यानं केली. "महिना पंचवीस द्यायचे. मनिऑर्डर नको, कोणाच्या हाती नको. स्वतः दुकानात येऊन माझ्या हातात. एका ओळीत गिऱ्हाईकांबरोबर उभं राहून."

दारात ती थांबली. "तुमचे आभार मानणार नाही मी. आणि शिव्याही देणार नाही. शिव्या दिल्या तर ते तुम्हालाच बरं वाटेल."

बाबुरावांनी नवा कागद ठेवून घेतला. अकराशेचं भांडवल, वाढतं, आणि तीनशेचं येणं कबूल करणाऱ्या माणसाची सही. जुना कागद का बदलला, हे त्यांनी विचारलं. सुंदराबाई म्हणाली, "एक नाव राहून गेलं होतं." चारशे मंजूर झाले. एप्रिलात दुकान उघडलं.

जगदीश दर महिन्याच्या सात तारखेला जायचा. ओळीत उभा राहायचा. पुढे गिरणीतल्या बाया, मागे हॉटेलवाले पोरगे. त्याची पाळी आली की सुंदराबाई नोटा मोजायची, वहीत नाव लिहायची, पूर्ण, आणि म्हणायची, "पुढचा." ओळीतली माणसं विचारायची, हे बाबू कशाचे पैसे देतात? ती उत्तर द्यायची नाही. त्याला ते द्यावंसं वाटायचं, आणि देता यायचं नाही. काही महिने तर दुकानाच्या अलीकडच्या नाक्यावर त्याचे पाय आपोआप थांबायचे. काउंटरमागे बसलेलं माणूस मान वर करेल तेव्हा ते कोण असेल, याची खात्री वाटायची नाही.

नव्या वर्षाच्या जानेवारीत तिनं त्याला पैसे घेतल्यावर थांबायला सांगितलं. गिऱ्हाईक संपल्यावर एक कागद पुढे सरकवला. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद, दोन्ही तिनंच मांडलेले, मोठ्या, जरा वाकड्या आकड्यांत. डिसेंबरचं न दिलेलं भाडं धरलेलं होतं. माल पडलेल्या भावानं. पतपेढीचं उरलेलं कर्ज देण्यात. उजवीकडे उधारीच्या यादीखाली त्याचं नाव, पुढे डिसेंबरअखेरचे ७५.

"तपासा," ती म्हणाली.

त्यानं दोनदा बेरीज केली. काटा-डब्यांची झीज, म्हणजे घसारा, तिनं जुन्या किमतीवर धरला होता की उरलेल्या, तेवढं विचारलं. ती म्हणाली, गेल्या वर्षी जसा धरला तसाच, वीस रुपये. ते बरोबर होतं.

"चूक नाही," तो म्हणाला. मग न राहवून विचारलं, "वहिनी, अजून येतो का तो? स्वप्नात?"

सुंदराबाईनं कागद परत घेतला, घडी घातली. "एकदाच आले होते, दुकान उघडलं त्या रात्री. बोलले. काय बोलले ते तुम्हाला सांगायचं कारण नाही." तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, वर्षात पहिल्यांदा. "तुमच्याकडे येतात का?"

जगदीशनं मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही.

मार्चच्या सात तारखेला शेवटचा हप्ता गेला. तिनं त्याच्या नावापुढे 'चुकते' लिहिलं आणि आडवी रेघ मारली. मागच्या बाईनं अर्धा पौंड मागितला. सुंदराबाई वजन उचलायला वळली. जगदीश बाजूला झाला. रस्त्यावरून सभेला निघालेली माणसं घोषणा देत चालली होती, आणि त्यांची रांग संपेपर्यंत तो पलीकडे जाण्यासाठी तिथंच उभा राहिला.